संशय फेडण्याची किंमत

चोरीचा माल ठाऊक असून घेणारा दोषी आणि ठाऊक नसताना घेणारा निर्दोष, असा सरळ हिशेब आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. परंतु या दोघांच्या मध्ये तिसरा एक माणूस उभा असतो. त्याला ठाऊक नसते. मात्र ठाऊक करून घेणे त्याच्या हातात असते, आणि नेमके तेच तो टाळतो. त्याला कोणत्या बाजूला बसवावे? हा प्रश्न माझ्यापुढे ग्रंथांतून आला नाही. तो एका कादंबरीच्या चार छायाचित्रांतून आला.

इंदूरमधील आमच्या छोट्या मराठी वाचनालयाची दरवर्षी वाचनस्पर्धा होते. एका वर्षी सातशेवर पानांची एक गाजलेली कादंबरी पंधरा जणांना बक्षीस द्यावी असे ठरले. छापील किंमत ५०० रुपये. पुण्याहून मागवली तर सवलत धरून प्रत ४०० रुपयांना पडत होती, म्हणजे पंधरा प्रतींचे ६,००० रुपये. आमच्या गाठीला होते ३,०००. अशा अडचणीत कोषाध्यक्षांनी इंटरनेटवरील एका विक्रेत्याची जाहिरात दाखवली. तीच कादंबरी, नवी कोरी, अवघी १८० रुपयांना! पंधरा प्रतींचे २,७०० रुपये. सोबत चार छायाचित्रे होती : मुखपृष्ठ, कणा, वरची कड आणि आतील एक उघडे पान.

पूर्वी पुस्तक हातात घेऊन, चाळून, वास घेऊन विकत घेतले जाई. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या आपल्यासारख्यांना मराठी पुस्तकांचे दुकान तेव्हाही दुर्मीळच होते. आता तर बहुतेक वेळा छायाचित्र हाच आपला पुस्तकाशी पहिला परिचय असतो. तेव्हा छायाचित्रात काय पाहायचे आणि त्यावर किती विश्वास ठेवायचा, हे शिकून घेणे प्राप्त झाले. मुद्रणव्यवसायात हयात घालवलेले आमचे एक वयोवृद्ध सभासद आहेत. त्यांनी त्या चार चित्रांवर एक संध्याकाळ खर्च केली. पुढचे बरेचसे मी त्यांच्याकडूनच शिकलो.

चोरटी प्रत कशी तयार होते हे ध्यानात घेतले की तिच्या खुणा आपोआप उलगडतात. मूळ प्रकाशकाजवळ संगणकावर जुळवलेला मजकूर असतो. त्यावरून छपाईची प्लेट तयार होते, आणि म्हणून कागदावर उतरणाऱ्या अक्षराची कड धारदार असते. चोराजवळ असा मजकूर नसतो. त्याच्याजवळ दुकानातून आणलेली एक छापील प्रत असते. ती उसवून, एकेक पान स्कॅन करून तो नवी प्लेट बनवतो. म्हणजे त्याची छपाई ही छपाईचे चित्र असते. शाई कागदावर थोडी पसरतेच. पसरलेल्या अक्षराचे चित्र पुन्हा छापले की ती दुसऱ्यांदा पसरते. देवनागरीत हा दोष चटकन उघडा पडतो. अनुस्वाराचा टिंब फुगून शिरोरेषेला टेकतो, ‘ष’च्या पोटातील तिरकी रेघ बुजते, ‘क्ष’ आणि ‘द्ध’ यांच्यातील पोकळ्या भरून येतात, रफाराचा आकडा एक डाग होऊन बसतो. विक्रेत्याने पाठवलेल्या पानावर हे सगळे दिसत होते.

"मग झाले तर!" असे मी म्हणालो. त्यांनी मला थांबवले. मोबाइलवरून संदेशाबरोबर पाठवलेले छायाचित्र वाटेत दाबून लहान केले जाते, आणि त्या दाबण्यातही अक्षरांच्या कडा जाड व मऊ होतात. म्हणजे अक्षर छापखान्यात फुगले की टेलिफोनमध्ये, हे त्या चित्रावरून सांगता येत नव्हते. उपाय सोपा होता. तेच चित्र ‘फोटो’ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, आणि पानाच्या जवळ जाऊन दोनच ओळींचे घ्यावे, असे विक्रेत्याला कळवायचे. दोन ओळींचा एक निरोप. त्याला कवडीचाही खर्च नव्हता.

कागदाचेही असेच. चोराला नफा कागदावरच काढायचा असतो, म्हणून तो पातळ, बहुधा वर्तमानपत्री जातीचा कागद घेतो. अशा कागदावर दोन वेगळे दोष दिसतात आणि ते वेगळे ओळखले पाहिजेत. कागद पारदर्शक असला तर मागच्या पानावरचा मजकूर सावलीसारखा दिसतो. कागद शोषून घेणारा असला तर शाई आत मुरते. अक्षराभोवती तेलकट वलय उमटते आणि कडांना बारीक तंतू फुटतात. पहिला दोष पातळ कागदाचा. दुसरा कागद आणि शाई यांच्या न जुळण्याचा. काळजीने काम करणारा प्रकाशक तो सहसा होऊ देत नाही. पिवळेपणाला मात्र फारसा अर्थ नाही. पुष्कळ प्रकाशक डोळ्यांना सुखद म्हणून मुद्दाम पिवळसर झाकेचा कागद वापरतात, आणि लाकडाच्या लगद्याचा स्वस्त कागद प्रामाणिक पुस्तकातही काही वर्षांत पिवळा पडतोच.

बांधणी पाहायची ती वरच्या कडेवरून. जाड पुस्तकाचे फर्मे शिवलेले असले तर कण्याजवळ घडी घातलेल्या पानांचे छोटे छोटे गठ्ठे स्पष्ट दिसतात. नुसत्या गरम सरसाने चिकटवलेल्या पुस्तकात सुटी पाने एका रांगेत उभी असतात. चिकटवलेली बांधणी हा काही गुन्हा नव्हे. आज निम्म्याहून अधिक साधी पुस्तके तशीच बांधली जात असतील. नीट काम करणारा बांधणीवाला मात्र चिकटवण्यापूर्वी पानांची कण्याकडील कड खरवडून घेतो, म्हणजे सरस प्रत्येक पानाला धरतो आणि त्याचा थर पातळ, एकसारखा बसतो. घाईच्या कामात ही खरवड राहून जाते. मग कुठे सरसाचा पिवळा ओघळ पानांच्या मध्ये शिरलेला असतो, तर कुठे तो पोहोचलेलाच नसतो, आणि पन्नासाव्या पानाशी पुस्तक उघडताच पान हातात येते. आमच्या वाचनालयात त्या कादंबरीची त्याच आवृत्तीची एक प्रत होती. ती शिवलेली निघाली. छायाचित्रातील प्रत चिकटवलेली होती. तुलना त्याच आवृत्तीशी करणे येथे आवश्यक असते, कारण आवृत्ती बदलताना प्रकाशकही कागद आणि बांधणी बदलतो.

राहिले मुखपृष्ठ. मूळ मुखपृष्ठावरील नाव सोनेरी वर्खाने उठवलेले आहे. वर्ख स्कॅन होत नाही. त्याच्या जागी मोहरीच्या रंगाचे ठिपके येतात. पार्श्वभूमीचा शेंदरी रंग विटकरी झाला होता, आणि गडद भागातील चेहऱ्याच्या रेषा काळ्या रंगात बुडाल्या होत्या. परंतु रंगाच्या बाबतीत कॅमेरा सर्वांत अधिक खोटे बोलतो. पिवळ्या दिव्याखाली पांढरा सदराही पिवळा दिसतो, आणि हल्लीचे टेलिफोन रंग आपणहून भडक करतात. म्हणून पुस्तकाशेजारी कोरा पांढरा कागद ठेवून, खिडकीच्या उजेडात चित्र घ्यावे. कागदही विटकरी छटेचा दिसला तर दोष कॅमेऱ्याचा. कागद पांढरा राहून मुखपृष्ठ तेवढे विटले तर दोष छपाईचा. चित्रात दिसणाऱ्या लाटांसारख्या नक्षीचीही अशीच पारख करता येते. कॅमेरा पुढे-मागे केल्यावर ती नक्षी हलली तर ती कॅमेऱ्याने निर्माण केलेली. जागच्या जागी राहिली तर ती कागदावरच छापलेली, म्हणजे ठिपक्यांच्या चित्रावरून पुन्हा ठिपक्यांचे चित्र काढल्याची साक्ष.

येथवर येऊनही आमचे ज्येष्ठ सभासद निकाल द्यायला तयार नव्हते. सगळ्या खुणा संशय वाढवतात, सिद्ध काहीच करत नाहीत, असे त्यांचे म्हणणे. तेवढ्यात त्यांचे लक्ष उघड्या पानाच्या समासाकडे गेले. तेथे एक फिकट, तिरकी, बरोबरची खूण होती. पेन्सिलीने करावी तशी. "नव्या कोऱ्या प्रतीत ही कोणी केली?" त्यांनी विचारले. मग आम्ही विक्रेत्याला एकच विनंती केली : याच पानाचे, पण दुसऱ्या एका प्रतीतले चित्र पाठवा. त्याने ते सहजपणे पाठवले. त्या प्रतीतही, त्याच ओळीसमोर, तीच खूण, तोच तिरकेपणा! कोणा अज्ञात वाचकाने आपल्या प्रतीत एक वाक्य आवडले म्हणून पेन्सिल टेकवली होती. ती प्रत चोराच्या हाती गेली, आणि त्याची आवड शाईने छापली जाऊन प्रत्येक प्रतीत उतरली. धूळ, डाग आणि हातच्या खुणा प्रत्येक प्रतीत वेगळ्या असतात. त्या सारख्या निघाल्या तर त्या प्लेटवर आहेत, आणि प्लेट छापील प्रतीवरून बनली आहे. हा मात्र पुरावा होता.

आता प्रश्न नीतीचा उरला. कोषाध्यक्षांनी तो प्रामाणिकपणे मांडला. ते म्हणाले, "चोरी विक्रेत्याने केली. आपण पैसे देऊन घेतो आहोत. आणि मराठी वाचणारी पंधरा माणसे मिळताहेत, हे लेखकाला कमी का वाटावे?" कायदाही काहीसा त्यांच्याच बाजूचा आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ६३ जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगते. पण त्याचा रोख छापणाऱ्यावर आणि विकणाऱ्यावर आहे. स्वतः वाचायला एक प्रत घेणाऱ्याला तो धरत नाही. म्हणून तर हा प्रश्न निखळ नैतिक आहे. जेथे कायदा विचारत नाही, तेथे आपण स्वतःला काय विचारतो?

मी हिशेब मांडून पाहिला. लेखकाचे मानधन छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास धरले तर पंधरा प्रतींमागे ते ७५० रुपये होते. आमची बचत ३,३०० रुपयांची. म्हणजे आमच्या औदार्याचा काही भाग लेखकाच्या खिशातून येणार होता, बाकीचा जुळवणी करणारा, मुद्रितशोधक, चित्रकार आणि प्रकाशक यांच्या खिशांतून. आणि समारंभात पुष्पगुच्छ मात्र आम्ही घेणार होतो. मराठीत पुष्कळ पुस्तकांची आवृत्ती हजार प्रतींच्या आतबाहेर निघते. त्यातल्या पंधरा प्रती म्हणजे सागरातले थेंब नव्हेत. वाचक मिळाले याचे समाधान लेखकाने मानावे की नाही, हे लेखकाने ठरवायचे. त्याच्या वतीने ते समाधान आपण मानून घेणे फारच सोयीचे आहे.

पाठ्यपुस्तकांच्या बाबतीत गरिबीचा युक्तिवाद अधिक जोरात केला जातो, आणि तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. परदेशी प्रकाशकांचे वैद्यकाचे पुस्तक विद्यार्थ्याला खरोखरच परवडत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानाविरुद्ध तीन मोठ्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला. अभ्यासक्रमासाठी पुस्तकांतील भागांच्या प्रती काढणे शिक्षणाच्या सवलतीत बसते, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ साली घेतली, आणि पुढच्या वर्षी प्रकाशकांनी दावा मागे घेतला. परंतु झेरॉक्स प्रत आपण झेरॉक्स आहोत हे लपवत नाही. एन.सी.ई.आर.टी.च्या पुस्तकांची स्थिती वेगळी आहे. ती मुळातच स्वस्त असतात. तरीही त्यांच्या चोरट्या प्रती निघतात; मेरठ येथे ऑगस्ट २०२० मध्ये पडलेल्या धाडीत सुमारे ३५ कोटी रुपये किमतीची अशी पुस्तके पकडल्याचे पोलिसांनी सांगितले होते. येथे फायदा विद्यार्थ्याचा नसतो. तो बहुधा छापील किंमतच देतो. मूळ प्रतीवर विक्रेत्याला थोडी सवलत मिळते, नकलीवर पुष्कळ, एवढाच फरक. त्या पुस्तकांचा कागद ८० जी.एस.एम.चा, संस्थेच्या जलचिन्हाचा असल्याचे आतल्या पानावर छापलेले असते. पान खिडकीसमोर धरून चित्र मागवले तर जलचिन्ह दिसते किंवा दिसत नाही. बालभारतीच्या पुस्तकातही कागदाची जात, ७० जी.एस.एम. क्रीमवोव्ह, आणि मुद्रकाचे नाव दिलेले असते. संस्थेने पारख आपल्या हाती ठेवली आहे. पान उजेडाकडे धरण्याचे कष्ट तेवढे आपले.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाही तर पारखीचे रूपांतर गावभर बोट दाखवत हिंडण्यात होईल. त्याच विक्रेत्याकडे ‘श्यामची आई’ची एक अगदी साधी प्रत होती. कागद पातळ, मुखपृष्ठ भडक, बांधणी सरसाची. आमच्यातील एक उत्साही सभासद लगेच म्हणाले, "हीसुद्धा चोरटीच!" ती तशी असायचे काही कारण नव्हते. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी हक्क संपतो, त्याप्रमाणे २०१० च्या अखेरीस त्यांचे लेखन सर्वांसाठी खुले झाले. आता ते कोणीही, कोणत्याही कागदावर छापू शकतो. दारिद्र्य म्हणजे चोरी नव्हे, हे माणसांना जसे लागू तसे पुस्तकांनाही. शिवाय विक्रेता स्वतः फसलेला असू शकतो. ज्याने दुसऱ्या प्रतीचे चित्र इतक्या सहजपणे पाठवले त्याला आपण काय विकतो हे ठाऊक होते का, याविषयी मला अजूनही शंका आहे.

या सगळ्यातून माझ्यापुरता एक नियम निघाला. संशय फेडण्याला फार मोठा खर्च येत असेल, तर माणूस संशय बाळगूनच व्यवहार करील आणि त्याला कोणी दोष देऊ नये. पण एका निरोपाने, एका छायाचित्राने संशय फिटणार असेल आणि तरीही आपण विचारत नसू, तर तो संशय आपण जपून ठेवलेला असतो. त्याच्या आडोशाला स्वस्तात घेता यावे म्हणून. असे अज्ञान निष्पाप नसते. आणि हाच नियम उलटही लागतो. एका छायाचित्राने फिटला असता असा संशय न फेडता दुसऱ्याला चोर म्हणणे हाही तितकाच दोष आहे. ऐन मोक्याला डोळे मिटणाऱ्याने आणि अर्धवट पाहून ओरडणाऱ्याने, दोघांनीही पाहण्याचे काम टाळलेले असते.

आम्ही १८० रुपयांच्या प्रती घेतल्या नाहीत. दोन्ही चित्रे प्रकाशकाला पाठवली. पुढे काय करायचे ते त्यांच्यावर सोडले. ३,००० रुपयांत कादंबरीच्या सहा प्रती पुण्याहून आणल्या, त्यांचे २,४०० झाले. उरलेल्या ६०० रुपयांत त्याच विक्रेत्याकडून ‘श्यामची आई’च्या नऊ साध्या प्रती घेतल्या, आणि बक्षिसे पंधराच राहिली. कोषाध्यक्ष थोडे नाराज होते. जाड पुस्तकाची शोभा समारंभात वेगळीच, हे त्यांचे म्हणणे खोटे नव्हते.

त्या रात्री घरी येऊन मी माझे कपाट उघडले. वीस वर्षांपूर्वी परगावी पदपथावरून घेतलेली एक कादंबरी होती. खूप आवडीची, दोनदा वाचलेली. दिव्याखाली धरली. अनुस्वार शिरोरेषेला टेकलेले, ‘ष’चे पोट बुजलेले. तेव्हा मला खुणा ठाऊक नव्हत्या हे खरे. पण निम्म्याहून कमी किमतीचे कारण विचारावे असे मनात आले होते आणि मी विचारले नव्हते, हेही मला पक्के आठवते. वाचनालयाला ती देणगी देता येत नाही, रद्दीत टाकवत नाही. मी त्या कादंबरीची मूळ प्रत मागवली आहे. दोन्ही प्रती कपाटात शेजारी शेजारी राहतील.